प्रश्नाविना आलेला घराचा नकाशा: खोल्यांचे वर्णन लिहिताना पुसट मापांचे काय करावे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि नवी मुंबईतल्या सदनिकांचे आराखडे काढून देण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करते. या कामात एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या घराच्या नकाशाचे चित्र येते आणि त्यासोबत एक शब्दही लिहिलेला नसतो. पाठवणाऱ्याला फर्निचरचा अंदाज हवा असतो, की घर घ्यायचे आहे म्हणून मत हवे असते, की एखादी भिंत काढायची असते, हे कळायला मार्ग नसतो. चित्र इतक्या वेळा पुढे पाठवले गेलेले असते की निम्मे आकडे विरघळलेले दिसतात. अशा वेळी खोल्यांचे आणि मापांचे नीट वर्णन लिहून परत पाठवणे हे योग्य उत्तर असते, परंतु दोष नेमका त्या वर्णनातच शिरतो. जो आकडा वाचता आलेला नाही तो लिहिणारा नकळत भरून टाकतो, आणि मग तो आकडा वाचलेल्या आकड्यांच्या रांगेत त्यांच्याइतकाच खरा होऊन बसतो.

लक्षणे

पहिले लक्षण असे, की वर्णनातली सगळी मापे सारख्याच ठामपणाने लिहिलेली असतात. पुसट चित्रावरून केलेल्या वर्णनात एकही शंका नोंदलेली नसेल, तर कुठेतरी अंदाज मिसळला आहे असे मी धरून चालते. दुसरे लक्षण म्हणजे एकाच नकाशाचे दोघांनी केलेले वर्णन एखाद्याच मापात वेगळे निघते, आणि फरक बहुधा इंचांच्या आकड्यात असतो. तिसरे लक्षण उशिरा दिसते आणि तेच सर्वांत महाग पडते. सुतार किंवा मॉड्युलर किचनवाला प्रत्यक्ष जागेवर उभा राहतो आणि तयार होऊन आलेले कपाट भिंतीत बसत नाही. ऐरोलीतल्या एका घरात मी स्वतः 9'1" हे माप 9'11" असे वाचले होते. त्या घरातला वॉर्डरोब १० इंचांनी मोठा झाला आणि एक पूर्ण खण कापून काढावा लागला. त्या कुटुंबाचे पैसे आणि पंधरा दिवस माझ्या वाचनामुळे गेले, याचे दुःख मला आजही आहे, आणि खालचा क्रम मी त्यानंतरच बसवला.

पहिली तपासणी: मूळ फाइल मागणे

यात खर्च काहीच नाही आणि बहुतेक वेळा अडचण इथेच संपते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेल्या चित्राचा आकार कमी करते, आणि त्यात आधी जातात ते बारीक अक्षरांचे कोपरे. इंचांची दोन टिंबे एकमेकांत मिसळतात, 3 आणि 8 सारखे दिसू लागतात, 6 चे 8 होते, आणि फुटाची उभी खूण 1 या आकड्यासारखी दिसते. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ते जसेच्या तसे येते. म्हणून माझा पहिला निरोप नेहमी एवढाच असतो: “नकाशा मिळाला. हाच नकाशा फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवता येईल का? माहितीपत्रकाची पीडीएफ असेल तर तीच पाठवावी.”

पाठवणाऱ्याकडेही मूळ प्रत नसेल, तर ती कुठे मिळू शकते हे त्याला सांगावे. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असेल तर विकासकाने सादर केलेले मंजूर नकाशे त्या प्रकल्पाच्या नोंदीत महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. रेरा कायद्याची नोंदणीची तरतूद मे २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे वाशी, नेरूळ किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारती तिथे सापडणार नाहीत. जुन्या घराच्या बाबतीत खरेदीच्या करारनाम्याला बहुतेकदा नकाशा जोडलेला असतो, आणि तो कपाटातल्या फाइलमध्येच असतो. त्याचा उजेडात, कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढलेला एक फोटो दहा वेळा पुढे ढकललेल्या चित्रापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

दुसरी तपासणी: आकड्यांच्या आधी नकाशाचा काठ वाचणे

मूळ प्रत मिळो वा न मिळो, खोल्यांकडे जाण्याआधी चित्राच्या चारही कडा वाचाव्यात. मापे फूट-इंचांत आहेत की मीटरमध्ये, चित्र प्रमाणात नाही असे कुठे छापले आहे का, मापे गिलावा न केलेल्या भिंतीपासूनची आहेत का, आणि सदनिकेचा क्रमांक कोणता, हे सारे तिथेच बारीक अक्षरांत असते. सदनिकेच्या क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या सदनिका पुष्कळदा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. नकाशा ०१ क्रमांकाचा आणि घर ०४ क्रमांकाचे असेल, तर मापे बरोबर असूनही डावे-उजवे सगळे उलटे होते. क्रमांक दिसत नसेल तर वर्णनात डावीकडे आणि उजवीकडे हे शब्द “चित्रात पाहताना” या खुलाशासह लिहावेत.

तिसरी तपासणी: फक्त वाचलेलेच उतरवणे

आता मुख्य दरवाज्यातून आत शिरल्यासारखे खोली-खोलीने उतरवत जावे आणि जो आकडा दिसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे. पूर्ण मापावर मात्र काट मारू नये. आठ फूट स्पष्ट असतील आणि इंच पुसट असतील, तर 8'?" असे लिहावे. त्यातला आठ हा आकडा पुढच्या हिशेबात कामाला येतो, तो फेकून देणे म्हणजे हातचे गमावणे होय. या टप्प्यावर “स्वयंपाकघर साधारणतः एवढेच असते” हा विचार मनात आला तरी तो कागदावर येऊ देऊ नये. ज्याने पाचशे नकाशे पाहिले आहेत त्याला तो विचार अधिक जोराने येतो, म्हणून अनुभवी माणसाने इथे जास्त जपावे.

पुढच्या दोन तपासण्या समजाव्यात म्हणून एक खरे उदाहरण घेते. कासारवडवलीजवळच्या एका संकुलातील दोन बेडरूमच्या सदनिकेचा नकाशा मला असाच शब्दाविना आला होता. पाठवणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे नव्हते आणि त्यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. त्या चित्रातून एवढे वाचता आले:

```
हॉल             16'0" X 10'0"
स्वयंपाकघर       8'?" X 7'0"    (2.?4 X 2.13)
सामाईक टॉयलेट    4'0" X 7'0"
मोठी बेडरूम     12'6" X 10'0"
लहान बेडरूम     1?'?" X 10'0"
```

मोठ्या बेडरूमला जोडून आणखी एक टॉयलेट आणि हॉलपुढे बाल्कनी होती, त्या दोन्हींची मापे स्पष्ट होती. म्हणजे अडचण दोनच ठिकाणी होती, स्वयंपाकघराची लांबी आणि लहान बेडरूमची लांबी.

चौथी तपासणी: दोन एककांची आणि भिंतींची साखळी

अनेक माहितीपत्रकांत प्रत्येक खोलीखाली फूट-इंच आणि मीटर अशी दोन्ही मापे छापलेली असतात. एकात जो आकडा पुसला गेला आहे त्याची सावली दुसऱ्यात शिल्लक असते. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. स्वयंपाकघराच्या मीटरच्या मापात शेवटचा 4 स्वच्छ दिसत होता. आठ फूट शून्य इंचांपासून आठ फूट अकरा इंचांपर्यंतची बारा मापे मीटरमध्ये मांडली, तर शेवटी 4 येणारी तीनच निघतात: 8'0" म्हणजे 2.44, 8'4" म्हणजे 2.54 आणि 8'8" म्हणजे 2.64. बारा शक्यतांच्या तीन झाल्या आणि त्यासाठी कॅल्क्युलेटरखेरीज काही लागले नाही. पुसट चित्राकडे डोळे बारीक करून पाहिले तेव्हा मला ते 8'8" वाटत होते, हेही नमूद करते, कारण शून्याचा मधला भाग काळा झाला की तो आठासारखाच दिसतो.

यानंतर साखळी तपासायची. दोन समान भिंतींच्या मधे एका बाजूला एक मोठी खोली आणि दुसऱ्या बाजूला दोन लहान खोल्या असतील, तर दोन्ही बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे. या सदनिकेत पॅसेजच्या एका बाजूला मोठी बेडरूम होती आणि समोर एका ओळीत स्वयंपाकघर आणि सामाईक टॉयलेट होते, आणि चित्रात दोन्ही बाजू त्याच दोन आडव्या भिंतींना टेकत होत्या. बेडरूमची लांबी १२ फूट ६ इंच आहे. त्यातून टॉयलेटचे ४ फूट वजा केले की ८ फूट ६ इंच उरतात, आणि त्यात स्वयंपाकघर तसेच मधली भिंत बसली पाहिजे. आतल्या भिंती साधारणतः ४ ते ६ इंचांच्या असतात. स्वयंपाकघर 8'8" असते तर भिंतीला जागाच उरत नाही, 8'4" असते तर भिंत २ इंचांची होते आणि तशी भिंत कोणी बांधत नाही. 8'0" घेतले तर भिंतीला बरोबर ६ इंच मिळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर पोचल्यामुळे या मापावर मला भरवसा ठेवता आला.

तरीही वर्णनात ते “वाचलेले” म्हणून लिहायचे नाही, “हिशेबाने काढलेले” म्हणून लिहायचे, आणि हिशेब एका ओळीत सोबत द्यायचा. कारण त्यात भिंतीची जाडी मी गृहीत धरली आहे. उद्या कोणी मूळ नकाशा आणला आणि त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती एका रेषेत नाहीत असे निघाले, तर चूक कुठे शोधायची हे त्या ओळीवरून समजते.

इथे क्षेत्रफळाचा मोह टाळावा. नकाशावर चटई क्षेत्र छापलेले असते आणि उलटा भागाकार करून पुसट माप काढावे असे वाटते. रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि स्वतंत्र बाल्कनी धरली जात नाही. त्यात पॅसेजही असतो आणि त्याचे माप पुष्कळदा छापलेले नसते. त्यामुळे खोल्यांची बेरीज छापील क्षेत्रापेक्षा कमीच येणार, आणि नेमकी किती कमी हे सांगता येत नाही. बेरीज छापील क्षेत्राच्या वर गेली तर मात्र काहीतरी नक्की चुकले आहे, एवढाच या तपासणीचा उपयोग.

पाचवी तपासणी: चित्रावरून मोजणे

लहान बेडरूमच्या बाबतीत साखळी बंद होत नव्हती. तिच्या एका टोकाला डक्ट होता आणि डक्टचे माप दिलेले नव्हते. मीटरचा आकडाही पूर्ण पुसला गेला होता. अशा वेळी चित्रातले पिक्सेल मोजता येतात, पण त्याआधी चित्र प्रमाणात आहे का हे सिद्ध करावे लागते, आणि लोक नेमकी हीच पायरी वगळतात.

संगणकावरच्या कोणत्याही साध्या चित्र-प्रोग्राममध्ये भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत पिक्सेल मोजता येतात. मोठ्या बेडरूमचे १२ फूट ६ इंच, म्हणजे १५० इंच, त्या चित्रात २५० पिक्सेल भरले. म्हणजे एक पिक्सेल ०.६ इंचाचा. हे प्रमाण खरे असेल तर हॉलचे १६ फूट, म्हणजे १९२ इंच, ३२० पिक्सेल भरले पाहिजेत. ते ३१९ भरले. मग दुसऱ्या दिशेला १० फूट मोजले, २०० अपेक्षित होते आणि २०१ आले. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासायच्या असतात, कारण चित्र एका बाजूने ताणलेले असू शकते आणि ते डोळ्यांना जाणवत नाही. कागदाचा तिरका फोटो असेल तर ही जुळणी होतच नाही, आणि तेव्हा ही तपासणी तिथेच सोडून द्यावी.

इथे जुळणी झाली होती, म्हणून लहान बेडरूम मोजली. ती २२१ पिक्सेल भरली, म्हणजे १३२.६ इंच, म्हणजे ११ फूट आणि अर्ध्या इंचाहून किंचित जास्त. पण पुसट चित्रात भिंतीची कड प्रत्येक टोकाला एक-दोन पिक्सेल इकडे-तिकडे होतेच. दोन्ही टोकांचे मिळून चार पिक्सेल धरले तर अडीच इंचांची चूक संभवते. म्हणजे खरे माप 10'11" असेल, 11'0" असेल किंवा 11'2" असेल, हे या चित्रावरून ठरत नाही. पलंग कुठे ठेवायचा हे ठरवायला असा अंदाज पुरतो, भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कपाट करायला पुरत नाही. म्हणून हे माप “वाचता येत नाही” याच सदरात राहिले, फक्त त्याच्याजवळ अंदाज आणि अंदाजाची मर्यादा नोंदली.

त्या गृहस्थांना मी शेवटी जे पाठवले त्याचा मुख्य भाग असा होता:

“नमस्कार. आपण पाठवलेल्या नकाशात दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, दोन टॉयलेट आणि हॉलपुढे बाल्कनी आहे. हॉल 16'0" X 10'0", मोठी बेडरूम 12'6" X 10'0" आणि सामाईक टॉयलेट 4'0" X 7'0" ही मापे स्पष्ट वाचता आली. स्वयंपाकघराची रुंदी 7'0" स्पष्ट आहे, लांबीचे इंच पुसट आहेत, समोरच्या बेडरूमच्या लांबीवरून आणि मीटरच्या मापावरून ती 8'0" निघते, मधली भिंत ६ इंच धरून. लहान बेडरूमची लांबी वाचता येत नाही. चित्रावरून ती सुमारे ११ फूट भरते, त्यात अडीच इंच कमी-जास्त असू शकतात. पॅसेज आणि डक्ट यांची मापे नकाशात दिलेली नाहीत. सदनिकेचा क्रमांक दिसत नाही. हा नकाशा आपण कशासाठी पाठवला आहे ते कळवावे, म्हणजे लहान बेडरूमचे माप घेण्याची गरज आहे का ते सांगता येईल.”

प्रश्न शेवटी आहे आणि एकच आहे, हे मी मुद्दाम करते. सुरुवातीलाच चार प्रश्न विचारले तर बरेच लोक उत्तरच देत नाहीत. हाती काही पडल्यावर मात्र मोकळेपणाने लिहितात. त्या गृहस्थांचे उत्तर तासाभरात आले: “ताई, किचन ट्रॉल्या करायच्या आहेत आणि मुलीच्या खोलीत वॉर्डरोब.” म्हणजे दोन्ही पुसट मापेच त्यांच्या कामाची होती.

सहावी तपासणी: टेप

घराची किल्ली हातात असेल तर इथवर येण्याऐवजी आधीच टेप लावावी असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. परंतु नकाशे येतात ते बहुधा ताबा मिळण्यापूर्वी, किंवा घर भाड्याने दिलेले असताना, किंवा पाठवणारा परगावी असताना, म्हणून प्रत्यक्ष जाणे ही महागडी पायरी ठरते. गेल्यावर प्रत्येक लांबी तीन ठिकाणी घ्यावी: जमिनीलगत, कमरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या वर. भिंती ओळंब्यात नसतात, आणि कपाट बसते ते सर्वांत कमी मापात. कासारवडवलीच्या त्या घरात टाइल्स लागल्यावर स्वयंपाकघर सर्वांत अरुंद जागी ७ फूट १०½ इंच भरले आणि लहान बेडरूम १० फूट ११ इंच. नकाशातले 8'0" चुकीचे नव्हते, ते गिलावा आणि टाइल्स लागण्याआधीचे होते. ट्रॉल्यांचे माप टेपवरून दिले गेले.

कुठे थांबावे

पाठवणाऱ्याच्या उत्तरात “भिंत काढायची आहे” असे आले, की वर्णन लिहिणाऱ्याने तिथे थांबावे. भिंत भार घेते की नाही हे माहितीपत्रकातल्या नकाशावरून ठरवता येत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक नव्या मनोऱ्यांत अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, त्यातली आतली साधी वाटणारी भिंतसुद्धा इमारतीच्या सांगाड्याचा भाग असू शकते. तिथे संरचना अभियंता हवा, सोसायटीची परवानगी हवी आणि महानगरपालिकेच्या नियमांची विचारणाही हवी. मी अशा वेळी मापांचा पुढचा एकही हिशेब पाठवत नाही.

क्षेत्रफळावरून विकासकाशी वाद असेल, कर्जासाठी मूल्यांकन करायचे असेल किंवा करारातले क्षेत्र आणि घर यांचा मेळ बसत नसेल, तेव्हाही थांबावे. तिथे अशा वर्णनाने भागत नाही, संबंधित तज्ज्ञाने जागेवर घेतलेली मापे लागतात. आणि दोन स्पष्ट वाचलेली मापेच एकमेकांशी जुळत नसतील, साखळीत भिंत १ इंचाची किंवा १५ इंचांची येत असेल, तर नकाशाच चुकीचा किंवा दोन नकाशांतून जोडलेला असण्याची शक्यता आहे. अशा चित्रावरून कोणतेही माप काढू नये. कोणती दोन मापे जुळत नाहीत तेवढे कळवावे आणि मंजूर नकाशा मागवावा.